गृहकर्जाचा महिन्यागणिक तक्ता स्वतः कसा बनवायचा: व्याज किती, मुद्दल किती

गृहकर्ज घेतल्यावर बँक एक लांबलचक कागद देते. त्यावर दोन-अडीचशे ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत हप्त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती हे छापलेलं असतं. तो कागद पहिल्या महिन्यापुरता खरा असतो. व्याजदर बदलला, मध्येच लाखभर रुपये जादा भरले किंवा बिल्डरला पैसे टप्प्याटप्प्याने गेले, की छापील तक्ता आणि खरं खातं यांची फारकत होते. म्हणून तक्ता आपलाच हवा, आणि दर बदलल्यावर त्यातला एक आकडा बदलून पुढचं सगळं आपोआप बदलेल असा हवा. एक्सेल किंवा गूगल शीट्स यांपैकी काहीही चालेल. खालची सूत्रं दोन्हीकडे तशीच चालतात.

उदाहरणासाठी पुण्यात सहज आढळणारं कर्ज घेऊ: ४० लाख रुपये, वार्षिक ८.५० टक्के बदलता दर, २० वर्षं म्हणजे २४० हप्ते. पैसे १८ जून २०२५ ला वितरित झाले, हप्त्याची तारीख दर महिन्याची ५ आणि पहिला पूर्ण हप्ता ५ ऑगस्ट २०२५ ला.

## १. आधी कागद गोळा करा

तक्त्याला लागणारे आकडे तोंडी विचारून घेऊ नका. काउंटरवरची व्यक्ती "साडेआठ टक्के, चाळीस लाख" एवढंच सांगते आणि तक्ता न जुळण्याची निम्मी कारणं त्या गोलमाल उत्तरात असतात. हे कागद समोर ठेवा:

- मंजुरी पत्र, म्हणजे सँक्शन लेटर. दर कशाशी जोडलेला आहे (रेपो, की कंपनीचा स्वतःचा दर), त्यावर किती टक्के जादा आणि रीसेट, म्हणजे दर पुन्हा ठरवणं, कधी, हे त्यात असतं.
- की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना हे देणं बंधनकारक आहे आणि परतफेडीचा तक्ता त्याचाच भाग असतो. नसेल मिळालं तर मागून घ्या.
- वितरण पत्र. कोणत्या तारखेला किती रक्कम गेली ते.
- कर्जखात्याचं स्टेटमेंट. निदान सहा-आठ महिन्यांचं, आणि त्यात मार्च महिना असेल तर फारच छान. का ते सातव्या पायरीत कळेल.

ताथवडे, रावेत, वाघोली अशा भागांत बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. मंजुरी ४० लाखांची असली तरी स्लॅब पडेल तसे पैसे सुटतात. तोवर अनेक बँका फक्त सुटलेल्या रकमेवरचं व्याज घेतात, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. १२ लाख सुटले असतील तर महिन्याचं व्याज ८,५०० रुपये, आणि त्यातून मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नाही. हे महिने आपल्या तक्त्यात येत नाहीत. तक्त्याची पहिली ओळ पूर्ण हप्ता सुरू होतो तिथे. प्री-ईएमआयच्या रकमा मात्र वेगळ्या पानावर टिपून ठेवा, पुढे प्राप्तिकराला लागतात.

## २. वरचे आकडे एका जागी ठेवा

नवी शीट उघडा. A स्तंभात नावं लिहा आणि B स्तंभात आकडे:

```
B1   4000000        (कर्ज)
B2   8.5%           (वार्षिक दर)
B3   240            (महिने)
B4   =ROUND(PMT(B2/12,B3,-B1),0)
B5   18-Jun-2025    (वितरण तारीख)
```

B4 मध्ये ३४,७१३ यायला हवेत. नेमकं उत्तर ३४,७१२ रुपये ९३ पैसे आहे, ते पूर्ण रुपयात आणलंय. काही बँका जवळच्या रुपयात आणतात, काही नेहमी वरच्या. तुमच्या पत्रातला हप्ता एखाद्या रुपयाने वेगळा असेल तर B4 मधलं सूत्र पुसून पत्रातला आकडा सरळ टाका. खात्यातून कापला जातो तोच हप्ता खरा.

B4 मध्ये भलताच मोठा आकडा दिसला तर बहुधा B2 मध्ये 8.5 नुसतं टाकलंय, टक्क्याचं चिन्ह राहिलंय. शीट ते ८५० टक्के समजते. PMT मध्ये B1 च्या आधी वजाचं चिन्ह आहे ते काढू नका, नाहीतर हप्ता वजा येईल आणि पुढची सगळी गणितं उलटी होतील.

तारखांचीही एक खोच आहे. गूगल शीट्सची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर 5/8/2025 म्हणजे तिला ८ मे वाटतो. सेटिंग भारतावर आणा किंवा वर दिलीय तशी महिन्याचं नाव लिहून तारीख टाका.

## ३. नऊ स्तंभ आणि पहिल्या दोन ओळी

आठव्या ओळीत शीर्षकं द्या: A हप्ता क्रमांक, B तारीख, C सुरुवातीची बाकी, D दर, E व्याज, F हप्ता, G मुद्दल, H जादा भरणा, I अखेरची बाकी. नवव्या ओळीत पहिला हप्ता:

```
A9   1
B9   5-Aug-2025
C9   =$B$1
D9   =$B$2
E9   =ROUND(C9*D9/12,0)
F9   =MIN($B$4,C9+E9)
G9   =F9-E9
I9   =C9-G9-H9
```

H9 रिकामा ठेवा. दहाव्या ओळीत फक्त पहिले चार रकाने वेगळे:

```
A10  =A9+1
B10  =EDATE($B$9,A9)
C10  =I9
D10  =D9
```

E9 ते I9 एक ओळ खाली ओढा, मग पूर्ण दहावी ओळ धरून २६० व्या ओळीपर्यंत खाली ओढा. झाला तक्ता.

सगळं तंत्र E, G आणि C10 या तीन जागी आहे. व्याज नेहमी उरलेल्या बाकीवर लागतं. हप्त्यातून आधी ते व्याज वजा होतं आणि उरतं ते मुद्दलात जातं. तेवढ्याने बाकी कमी होते आणि पुढच्या महिन्याचं व्याज थोडं कमी लागतं. पहिल्या तीन ओळी अशा दिसायला हव्यात:

| क्र. | सुरुवातीची बाकी | व्याज | मुद्दल | अखेरची बाकी |
|---|---|---|---|---|
| १ | ४०,००,००० | २८,३३३ | ६,३८० | ३९,९३,६२० |
| २ | ३९,९३,६२० | २८,२८८ | ६,४२५ | ३९,८७,१९५ |
| ३ | ३९,८७,१९५ | २८,२४३ | ६,४७० | ३९,८०,७२५ |

पहिल्या बारा हप्त्यांत तुम्ही ४,१६,५५६ रुपये भरता आणि त्यातले जेमतेम ७९,६१० मुद्दलात जातात. बाराव्या हप्त्यानंतरची बाकी ३९,२०,३९० च्या आसपास. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला १४३ वा हप्ता उजाडतो, म्हणजे बारावं वर्ष संपत आलेलं असतं. लोक इथे बँकेला शिव्या घालतात, पण ही बँकेची चलाखी नाही. हप्ता समान ठेवायचा आणि व्याज बाकीवर लावायचं ठरलं की आकडे असेच पडतात.

तारखेच्या सूत्रात मी मागच्या ओळीची तारीख न धरता प्रत्येक वेळी पहिलीच तारीख धरलीय. ते मुद्दाम. हप्ता ३१ तारखेचा असेल आणि मागच्या ओळीवरून पुढची तारीख काढत गेलात, तर फेब्रुवारीत २८ येते आणि मग आयुष्यभर २८ च राहते.

## ४. IPMT आणि PPMT का नकोत

शोधलंत तर बरेच जण सांगतील की एवढा खटाटोप कशाला, IPMT सूत्र सरळ व्याज देतं आणि PPMT मुद्दल देतं. देतं खरं. ताळा करायला वापराही:

```
=IPMT(B2/12,1,B3,-B1)
```

उत्तर २८,३३३.३३ आलं म्हणजे पहिली ओळ बरोबर. पण ही दोन्ही सूत्रं असं धरून चालतात की दर वीस वर्षं तोच राहणार आणि तुम्ही हप्त्यापलीकडे एक रुपयाही भरणार नाही. पंचविसाव्या महिन्याला विचारलं तर मधल्या चोवीस महिन्यांत काय झालं याकडे ती बघतच नाहीत. स्थिर दराच्या वाहनकर्जाला हे चालून जाईल. बदलत्या दराच्या गृहकर्जाला बाकी ओळीओळीने पुढे नेणारा तक्ताच हवा.

## ५. शेवटची ओळ तपासा

तक्त्याच्या तळाशी जा. २४० वा हप्ता इतर हप्त्यांपेक्षा थोडासा कमी दिसेल, शंभर रुपयांच्या आतला फरक. आपण हप्ता सात पैशांनी वर नेला होता. ते सात पैसे वीस वर्षं व्याजासकट साठत गेले, शिवाय दर महिन्याचं व्याज पूर्ण रुपयात आणल्याची खरखर आहेच. F स्तंभातलं MIN याच कामासाठी आहे: उरलेली बाकी आणि तिचं व्याज मिळून हप्त्यापेक्षा कमी भरत असेल तर तेवढंच घ्यायचं. ते नसेल तर बाकी शून्याखाली जाते आणि बँकच तुमची देणेकरी दिसू लागते.

उलट, बँकेने हप्ता खालच्या रुपयात आणला असेल तर २४१ व्या हप्त्याला किरकोळ रक्कम उरते. म्हणून तर ओढताना २६० व्या ओळीपर्यंत गेलो.

आता दोन ताळे. G आणि H या दोन्ही स्तंभांची एकत्र बेरीज बरोब्बर ४०,००,००० यायला हवी. E स्तंभाची बेरीज सुमारे ४३,३१,००० येईल, म्हणजे चाळीस लाखांवर तेवढंच आणि वर आणखी व्याज. पहिला ताळा चुकला तर कुठल्या तरी ओळीत सूत्राऐवजी हाताने आकडा बसलाय.

## ६. दर बदलला, जादा रक्कम भरली

आपल्या तक्त्याचा खरा उपयोग इथून सुरू होतो.

दर बदलला तर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा रीसेट व्हावी लागतात. गृहवित्त कंपन्यांचं तसं नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दराला बांधलेला असू शकतो, त्यामुळे रेपो उतरला म्हणून तुमचा उतरेलच असं धरू नका. २०२५ साली रेपो फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६.०० आणि जूनमध्ये ५.५० झाला. कुठल्या कर्जाला त्यातलं किती आणि कधी मिळालं हे स्टेटमेंटवरच कळतं.

समजा १३ व्या हप्त्यापासून दर ८.०० झाला. तेरावा हप्ता २१ व्या ओळीत आहे. D21 मध्ये 8% टाइप करा. खालच्या प्रत्येक ओळीचा दर वरच्या ओळीकडून येतो, त्यामुळे तिथून पुढे सगळीकडे ८ टक्के होतील आणि मागचे बारा महिने जसेच्या तसे राहतील. B2 ला हात लावू नका. तो बदललात तर झालेला इतिहासही बदलतो.

तेराव्या हप्त्याचं व्याज २७,७६९ होणार होतं, ते आता २६,१३६ होईल. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात ६,९४४ ऐवजी ८,५७७ जातील आणि उरलेल्या २२८ हप्त्यांऐवजी २११ मध्येच कर्ज फिटेल. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतलात, तर नवा हप्ता B6 मध्ये काढा:

```
B6   =ROUND(PMT(D21/12,B3-A20,-C21),0)
F21  =MIN($B$6,C21+E21)
```

आणि F21 खाली ओढा. उत्तर ३३,५०० च्या आसपास येईल. न विचारता बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत हलवते. दर उतरताना ते तुमच्या फायद्याचं. दर चढताना मात्र हीच सवय कशी अंगाशी येते ते बघण्यासारखं आहे.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४.०० वरून ६.५० वर गेला. त्याआधी कुणी ६.७० टक्क्यांनी ३० वर्षांसाठी ४० लाख घेतले असतील तर हप्ता २५,८११ पडला असणार. दर अडीच टक्क्यांनी चढून ९.२० झाला. बाकी साडेएकोणचाळीस लाख धरली तरी महिन्याचं नुसतं व्याज ३०,२८३. म्हणजे हप्ता भरूनही व्याज पुरं फिटत नाही आणि बाकी दर महिन्याला वाढते. तक्त्यात हे एका नजरेत दिसतं: G स्तंभ वजा होतो आणि I चढू लागतो. G शून्याखाली गेला की तो रकाना लाल व्हावा अशी कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ठेवा. मुदत वाढवताना असं होऊ देऊ नये आणि रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं आहे. तेव्हा शाखेत जाऊन पर्याय मागताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

जादा रक्कम भरली तर. पुण्यात बोनस आला की पहिला प्रश्न हाच असतो. दर पुन्हा ८.५० धरा आणि बाराव्या हप्त्यानंतर २ लाख भरले असं समजा. बारावा हप्ता २० व्या ओळीत, म्हणून H20 मध्ये 200000. पुढची बाकी ३७,२०,३९० होईल. आता खाली सरकत जा: आणखी २०२ हप्त्यांत तक्ता शून्यावर येतो, म्हणजे २६ हप्ते वाचले. E स्तंभाची बेरीज सात लाखांहून थोड्या अधिक रुपयांनी कमी झालेली दिसेल. तेच दोन लाख भरून हप्ता कमी करून घेतलात तर हप्ता ३२,९४२ होतो, दरमहा १,७७१ सुटतात, पण एकूण व्याज जेमतेम दोन लाखांनीच कमी होतं. माझं मत विचाराल तर घरखर्चाची ओढाताण नसेल तर मुदतच कमी करावी. पण एकाचीच नोकरी असलेल्या घरात हलका हप्ता ही सोय आहे, तिला कमी लेखू नये.

भरताना अर्जावर "मुदत कमी करा" हे स्पष्ट लिहा आणि महिन्याभराने स्टेटमेंटमध्ये रक्कम मुद्दलात वजा झालीय ना ते बघा. कधीकधी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून जमा होते आणि व्याज काही कमी होत नाही. व्यक्तीने स्वतःच्या नावावर घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. रक्कम शक्यतो हप्ता कापला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भरा, म्हणजे आपल्या तक्त्यातली ओळ आणि बँकेची नोंद सरळ जुळते.

## ७. बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवा

तक्ता बनवून झाल्यावर बहुतेक जण थांबतात. खरं तर स्टेटमेंट शेजारी ठेवून ओळीमागून ओळ बघण्याचं काम आता सुरू होतं. आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात, पण कसे जुळत नाहीत त्यावरून कारण ओळखता येतं.

फक्त सुरुवातीलाच फरक आहे. १८ जूनला पैसे सुटले आणि पहिल्या पूर्ण हप्त्याचा महिना ५ जुलैला सुरू झाला. मधल्या १७ दिवसांचं व्याज बँक वेगळं घेते. ४०,००,००० गुणिले ८.५ टक्के गुणिले १७ भागिले ३६५, म्हणजे १५,८३६ रुपये. काही ठिकाणी ३० जूनपर्यंतचे १३ दिवस मोजतात, मग ते १२,११० होतात. ही रक्कम तक्त्याच्या बाहेरची आहे. पहिल्या ओळीत कोंबू नका.

व्याज दर महिन्याला खालीवर होतंय. आपल्या तक्त्यात व्याज हळूहळू उतरत जातं. स्टेटमेंटमध्ये मात्र एका महिन्यात २८,८७७, मग काही महिन्यांनी एकदम कमी, पुन्हा जास्त असं दिसत असेल तर तुमची बँक दिवसांवर व्याज मोजते. आपण वर्षाचे बारा समान भाग केले, तिने ३६५ भाग केले. ४० लाखांवर ३१ दिवसांचं व्याज २८,८७७, ३० दिवसांचं २७,९४५ आणि २८ दिवसांचं २६,०८२ होतं. बारा भागांच्या हिशेबात ते कायम २८,३३३. ओळखायची खूण म्हणजे फेब्रुवारीची घसरण. हप्ता ५ तारखेचा असेल आणि व्याज हप्त्याच्या तारखेपर्यंत मोजत असतील तर ती ५ मार्चच्या हप्त्यात दिसते. व्याज महिनाअखेरीस नावे टाकणाऱ्या बँकेत ती फेब्रुवारीच्या शेवटच्या नोंदीत दिसते. मार्चचं स्टेटमेंट हाताशी असावं असं म्हटलं ते यासाठी.

तुमची बँक दिवसांवर मोजत असेल तर E स्तंभ बदला:

```
E9   =ROUND(C9*D9*(B9-EDATE(B9,-1))/365,0)
```

आणि खाली ओढा. दोन हप्त्यांमधले दिवस शीट स्वतः मोजते. वर्षाअखेरीस दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नाही, कारण बारा महिन्यांचे दिवस शेवटी ३६५ च भरतात. पण महिन्याचा आकडा जुळला की दर आणि बाकी या दोन्हींवर विश्वास ठेवता येतो.

व्याज पहिल्यापासून ठरावीक प्रमाणात जास्त आहे. याची शंका सगळ्यांत जास्त घ्यावी. समजा स्टेटमेंटमध्ये पहिलं पूर्ण व्याज २८,३३३ ऐवजी २८,९०० आहे. उलटा हिशेब करा: २८,९०० गुणिले १२, भागिले ०.०८५. उत्तर ४०,८०,०००. म्हणजे बँक चाळीस लाखांवर नाही, चाळीस लाख ऐंशी हजारांवर व्याज लावतेय. हे ऐंशी हजार बहुतेक वेळा कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचा हप्ता असतो, जो रोख न घेता कर्जातच मिळवलेला असतो. अशा कर्जाचा मासिक हप्ताही ३५,४०७ पडतो, दरमहा ६९४ जास्त, आणि २४० महिन्यांत त्या ऐंशी हजारांचे सुमारे १ लाख ६६ हजार होतात. सह्या करताना ढिगाऱ्यात हा कागद निसटून जातो. तक्ता मात्र तो पहिल्याच ओळीत पकडतो.

उलट्या हिशेबात मुद्दल बरोबर निघालं तर दर तपासा: व्याज गुणिले १२ भागिले बाकी. मंजुरीपासून वितरणापर्यंत महिने गेले असतील तर दर मधल्या मधे बदललेला असू शकतो.

स्टेटमेंट वाचताना एक लक्षात ठेवा. काही बँका महिनाअखेरीस व्याज नावे टाकून बाकी वाढवतात आणि ५ तारखेला हप्ता जमा करून ती कमी करतात. व्याजाच्या नोंदीनंतरची बाकी उचललीत तर ती अठ्ठावीस हजारांनी फुगलेली दिसेल. जुळवायची बाकी हप्ता जमा झाल्यानंतरची.

## ८. आर्थिक वर्षाची बेरीज

प्राप्तिकरासाठी एप्रिल ते मार्च अशी फोड लागते. बाजूच्या रिकाम्या रकान्यात:

```
=SUMIFS(E9:E260,B9:B260,">="&DATE(2025,4,1),B9:B260,"<="&DATE(2026,3,31))
```

मुद्दलासाठी पहिल्या E9:E260 च्या जागी G9:G260 टाका. जादा भरणा H मध्ये आहे, त्याची बेरीज वेगळी करून मुद्दलात मिळवा. आपल्या उदाहरणात ऑगस्ट ते मार्च असे आठच हप्ते येतात आणि त्यांतलं व्याज सुमारे २,२५,३८० भरतं. जुनी करपद्धत निवडली असेल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंतच मिळते, म्हणजे पहिल्या अपुऱ्या वर्षातच मर्यादा ओलांडली. ताब्याआधी भरलेलं प्री-ईएमआय व्याज घर पूर्ण झाल्याच्या वर्षापासून पाच समान भागांत मागता येतं, पण तेही याच दोन लाखांच्या आत. पहिल्या पायरीत वेगळ्या पानावर टिपलेल्या रकमा इथे कामी येतात.

ऑफिसात जानेवारीच्या सुमाराला पुरावे मागतात तेव्हा बँक तात्पुरतं व्याज प्रमाणपत्र देते. त्यात उरलेल्या महिन्यांचं व्याज अंदाजे धरलेलं असतं. त्यानंतर मार्चआधी तुम्ही मोठी रक्कम भरलीत किंवा दर उतरला, तर अंतिम प्रमाणपत्रातलं व्याज कमी आणि मुद्दल जास्त येतं. विवरणपत्र भरताना अंतिम प्रमाणपत्रच घ्या, आणि ते तक्त्याच्या बेरजेपासून काही हजारांनी दूर असेल तर आधी H स्तंभातल्या रकमेच्या ओळीतली तारीख आणि बँकेने रक्कम जमा केल्याची तारीख एकाच आर्थिक वर्षात पडतायत का ते बघा. ३० मार्चला दिलेला धनादेश एप्रिलमध्ये वटला की दोन्हीकडची बेरीज हलते.